कादंबरीचा पाचवा हिस्सा काढताना

प्रश्न : माझ्या पहिल्या कादंबरीचा खर्डा दीड लाख शब्दांचा झाला आहे. प्रकाशनसंस्थेच्या संपादकांना तो आवडला, पण १,२०,००० शब्दांपेक्षा मोठी कादंबरी काढता येणार नाही, असे त्यांनी कळवले आहे. वसुधा पक्षाघाताने वाचा गेलेल्या वडिलांची शुश्रूषा करायला अनेक वर्षांनी घरी परतते. लहानपणी तिच्यासमोर धाकटा भाऊ बुडाला आणि तेव्हापासून वडील तिच्याशी मोकळेपणाने कधी बोलले नाहीत, अशी ही गोष्ट आहे. प्रत्येक प्रकरणातले थोडे थोडे शब्द कमी करत मी सहा हजार शब्द काढले, पण पूर्वी शेवट वाचून रडलेल्या मैत्रिणीला आता तोच शेवट कोरडा वाटला. कुठे हात लावू आणि कुठे लावू नको? शब्दसंख्येसह प्रकरणवार गोषवारा आणि नववे प्रकरण सोबत पाठवत आहे.

उत्तर : काढलेले सहा हजार शब्द आधी जिथे होते तिथे परत ठेवा आणि मूळ खर्ड्यापासून नव्याने सुरुवात करा. सगळ्या प्रकरणांतून सारख्या प्रमाणात शब्द काढण्यात मुळातच अडचण आहे, कारण कादंबरीतला पसारा सारख्या प्रमाणात पसरलेला नसतो. तुमच्या बत्तीस प्रकरणांपैकी काहींमधला निम्मा मजकूर गेला तरी वाचकाला काही कमी पडणार नाही, आणि दोन-तीन प्रकरणे अशी आहेत की त्यांतली चार वाक्ये गेली तरी शेवट लंगडा पडेल. सरसकट कात्री चालवली की पहिल्या प्रकारच्या प्रकरणांतला पसारा जवळजवळ तसाच राहतो आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रकरणांतून मात्र नको ते निघून जाते. शिवाय वाक्यावाक्यातून शब्द वेचायला बसले की ‘उगीच’, ‘जरा’, ‘तरीही’, ‘एकदाचा’ असे छोटे शब्द सर्वांत आधी जातात, कारण त्यांच्यावाचून अर्थ अडत नाही. निवेदनाचा सूर मात्र त्यांच्यावरच उभा असतो. ‘ती उगीच दारात थांबली’ यातला ‘उगीच’ गेला की थांबणे उरते, तिची घालमेल जाते. तुमच्या मैत्रिणीला जो कोरडेपणा जाणवला, त्याचे मूळ बहुधा इथे आहे.

म्हणून काम मोठ्याकडून लहानाकडे न्यायचे. आधी उपकथानके, मग एकेक प्रसंग, मग प्रसंगांची सुरुवात आणि शेवट, आणि सर्वांत शेवटी वाक्ये. हा क्रम उलटा झाला, तर जे प्रसंग पुढे समूळ जाणार आहेत त्यांचीच वाक्ये घासूनपुसून लखलखीत करण्यात महिने जातात, आणि इतकी मेहनत घेतलेला प्रसंग काढायला मग हात धजावत नाही.

पण कात्री हातात घेण्यापूर्वी एक काम करावेच लागेल, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपात त्याच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. कादंबरीचा भावनिक गाभा नेमका कुठे आहे, हे आधी ठरवायला हवे. ‘अपराधभाव’ किंवा ‘बापलेकीचा दुरावा’ हे तुमचे विषय आहेत. विषयावर बोट ठेवून कुठलाही प्रसंग राखता येतो, कारण प्रत्येक प्रसंग कुठून तरी विषयाशी जोडता येतोच. गाभा म्हणजे एखादा ठरावीक प्रसंग, ज्याच्यासाठी बाकीची कादंबरी वाचून व्हावी लागते आणि जो सुटा काढून कुणाला वाचायला दिला तर त्याला काहीच वाटणार नाही. तुमच्या गोषवाऱ्यावरून तो तिसाव्या प्रकरणात आहे, याबद्दल मला शंका नाही. रात्री वसुधा आपल्या जुन्या खोलीत पडली आहे, पलीकडच्या खोलीत वडील आहेत, आणि मधल्या भिंतीवर दोनदा टकटक होते.

आता या प्रसंगापासून मागे मागे जा. ही टकटक वाचकाच्या काळजाला भिडण्यासाठी त्याला आधी काय काय ठाऊक असायला हवे, ते कागदावर लिहून काढा. तिसऱ्या प्रकरणात वडील दिवा मालवल्यावर भिंतीवर दोनदा टकटक करत, म्हणजे ‘झोपा आता’, आणि मुले एकदा टकटक करून उत्तर देत, हे त्याला माहीत हवे. भाऊ गेल्यानंतरच्या रात्री वसुधाने टकटक केली आणि पलीकडून काहीच आले नाही, हे नवव्या प्रकरणात त्याने अनुभवलेले हवे. वडिलांचा पलंग त्याच भिंतीला लागून आहे आणि वसुधा आपल्या लहानपणच्याच खोलीत झोपते, हे सहाव्या प्रकरणातले साधे वाक्यही त्याच्या लक्षात असायला हवे. ते वाक्य तुम्ही सहज लिहिले असेल आणि काटछाटीत ते तितक्याच सहज निघून जाईल, म्हणून आत्ताच त्याच्याखाली रेघ मारून ठेवा. वडिलांचा डावा हात चालतो, हेही वाचकाला तोवर ठाऊक हवे.

याच यादीत आणखी एक गोष्ट येते आणि ती तुमच्या नजरेतून निसटलेली दिसते. गोषवाऱ्यात बाराव्या प्रकरणासमोर तुम्ही ‘पाटीचा प्रसंग, काढता येईल’ असे लिहिले आहे. वसुधा वडिलांच्या डाव्या हातात खडू देते आणि पाटीवर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा उमटतात, तो हा प्रसंग. तो काढू नका. बहुतेक माणसांची भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या बाजूला असतात आणि मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून उजवे अंग लुळे पडलेल्या रुग्णाची वाचाही अनेकदा जाते. अशा वेळी नुसते बोलणे जात नाही, तर शब्द सापडेनासे होतात, आणि त्यामुळे लिहिणेही बहुधा बिघडते. हे तुम्ही नेमके लिहिले आहे. पाटीचा प्रसंग गेला, तर तिसाव्या प्रकरणात एखादा चिकित्सक वाचक विचारील, की डावा हात चालत होता तर या गृहस्थांनी दोन ओळी लिहून का दिल्या नाहीत? त्या क्षणी असा प्रश्न मनात आला, की टकटक नुसती युक्ती ठरते. पाटी वाचून झालेल्या वाचकाला मात्र कळते, की या माणसाजवळ आता शब्द उरलेलेच नाहीत आणि भिंत एवढीच काय ती भाषा त्याला शिल्लक आहे. प्रसंग दोन हजार शब्दांचा आहे, तो बाराशेंत बसेल. पण राहायलाच हवा.

याउलट, ज्या गोष्टीला तुम्ही गाभ्याचा भाग समजून हात लावायला घाबरत आहात, तीच कमी करायची आहे. गोषवाऱ्यात टकटकीचा उल्लेख नऊ प्रकरणांत आहे : ३, ५, ९, ११, १४, १९, २२, २६ आणि ३०. चौदा, बावीस आणि सव्वीस या तिन्ही प्रकरणांत वसुधाला नुसती तिची आठवण येते. प्रत्येक आठवणीबरोबर वाचकाच्या मनात ‘आता ही टकटक कधीतरी पुन्हा होणार’ हे पक्के होत जाते, आणि तिसाव्या प्रकरणात ती होते तेव्हा त्याचा अंदाज खरा ठरल्याखेरीज दुसरे काही घडत नाही. तरीही नऊ आणि तीस यांच्यामध्ये एक उल्लेख लागेलच, कारण त्यांच्यातले अंतर काटछाटीनंतरही सत्तर-ऐंशी हजार शब्दांचे राहील आणि तेवढ्यात वाचक विसरू शकतो. त्यासाठी एकोणिसाव्या प्रकरणातला उल्लेख ठेवा. तिथे वसुधा बोटाचे पेर भिंतीपर्यंत नेते आणि मागे घेते. तिथे आठवण नाही, कृती आहे. म्हणजे तीन, नऊ, एकोणीस आणि तीस एवढी चार ठिकाणे उरतात. या बदलाने जेमतेम दीड हजार शब्द वाचतील, पण शेवटाला जे बळ येईल ते एरवी दहा हजार शब्द घालूनही आले नसते.

गाभ्याला लागणाऱ्या गोष्टींची यादी झाली, की सगळ्या प्रसंगांचा तक्ता करा. प्रकरणांचा तक्ता उपयोगाचा नाही, कारण एका प्रकरणात तीन प्रसंग असू शकतात आणि त्यांतला एकच कामाचा असतो. प्रत्येक प्रसंगासमोर त्याची शब्दसंख्या, त्यात कुणाच्या मनात किंवा परिस्थितीत काय बदलले ते एका वाक्यात, आणि तो गेला तर पुढचे काय काय कोसळेल, एवढेच लिहा. दुसऱ्या रकान्यात ‘वसुधाचे दुःख दिसते’ असे वाक्य आले, तर सावध व्हा. दिसणे हा बदल नव्हे. आणि तेच वाक्य तीन प्रसंगांसमोर आले, तर त्यांतले दोन जाणार, हे धरून चाला.

तुमच्या गोषवाऱ्यात हे अक्षरशः असेच झाले आहे. वसुधा भावाच्या मृत्यूची हकिगत सातव्या प्रकरणात मैत्रिणीला सांगते, तेराव्यात वडिलांच्या डॉक्टरांना आणि एकविसाव्यात नवऱ्याला. तिन्ही मिळून आठ हजार शब्द होतात. पहिल्या खर्ड्यात असे होणे स्वाभाविक आहे. आपल्याला नेमके काय सांगायचे आहे, ते लेखकाला तिसऱ्यांदा सांगताना सापडते. मात्र वाचकाला पहिले दोन प्रयत्न दाखवण्याची गरज नसते. गोषवाऱ्यावरून नवऱ्याबरोबरचा प्रसंग सर्वांत चांगला दिसतो, कारण तिथे सांगितल्यामुळे काहीतरी बिनसते : इतकी वर्षे हे आपल्यापासून लपवून ठेवले, म्हणून तो दुखावतो. मैत्रीण आणि डॉक्टर फक्त ऐकून घेतात. तेव्हा एकविसाव्यातला प्रसंग पूर्ण ठेवा आणि डॉक्टरांचा पूर्ण काढा. मैत्रिणीच्या प्रसंगात वसुधा सांगायला लागते आणि विषय बदलते, एवढेच राहू द्या. आठांचे तीन हजार होतील. पहिल्या दोन प्रसंगांत एखादा तपशील असा असेल, की जो तिसऱ्यात नाही पण पुढे लागतो, तर तो उचलून तिसऱ्यात न्या. यासाठीच तक्त्याचा शेवटचा रकाना आहे.

सर्वांत मोठी बचत काकांच्या उपकथानकात आहे आणि ते सोडणे तुम्हाला सर्वांत जड जाईल, हे मला दिसते आहे. घराच्या मालकीवरून काकांशी चाललेला वाद, वकील, जुनी कागदपत्रे, तडजोडीची बैठक हे सगळे मिळून अठरा हजार शब्दांचे आहे. ते चांगले लिहिले असेल यात मला शंका नाही, पण काढायचे की ठेवायचे याचा निर्णय चांगल्या-वाईटावर होत नसतो. हा वाद मुळात या गोष्टीत कशासाठी आला, ते पाहावे लागते. मला त्याची दोन कामे दिसतात. एक म्हणजे वसुधाला घरी थांबायला कारण मिळते. दुसरे म्हणजे अठराव्या प्रकरणात भर बैठकीत काका तिला म्हणतात, ‘तो गेला तेव्हा पाण्याजवळ तूच होतीस ना?’ पहिल्या कामासाठी वादाची गरजच नाही. वडिलांना एकटे सोडता येत नाही, हे कारण पुरेसे आहे आणि ते तुमच्या कादंबरीत आधीपासून आहे. दुसरे काम मात्र फार मोलाचे आहे, कारण जे वाक्य वसुधा आयुष्यभर स्वतःशी बोलत आली ते पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडून येते, आणि ते येते तेव्हा वडील तिथे बसलेले असतात. तेव्हा वाद काढा आणि काकांना भावाला पाहायला येऊ द्या. आजाऱ्याला भेटायला आलेला नातेवाईक निघता निघता असे वाक्य बोलून जातो, यासाठी वकिलाची किंवा कागदपत्रांची आवश्यकता नाही. चार हजार शब्दांत हे सगळे बसेल आणि तो घाव अधिक खोल लागेल, कारण भांडणात बोललेले वाक्य राग म्हणून सोडून देता येते. चहा पिता पिता सहज बोललेले तसे सोडता येत नाही.

उपकथानक काढताना एक पथ्य पाळा. ते ओळीओळीने छाटत लहान करू नका. आधी संपूर्ण उचलून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, मग उरलेली कादंबरी वाचा आणि जिथे खरोखर खड्डा पडला आहे तिथेच नवा मजकूर लिहा. काकांच्या भेटीचा प्रसंग जुन्या तुकड्यांना टाके घालून बनवण्यापेक्षा कोरा लिहिलेला बरा. जुन्या तुकड्यांत जुन्या वादाचे धागे लोंबत राहतात आणि नंतर ते शोधून काढणे फार कटकटीचे होते.

एवढ्याने एकोणीस हजार शब्द गेले आणि अजून एकाही वाक्याला हात लागलेला नाही. आता उरलेल्या प्रसंगांची तोंडे आणि शेपट्या पाहा. पहिल्या खर्ड्यात बहुतेक प्रसंग लवकर सुरू होतात आणि उशिरा संपतात. वसुधा उठते, दार उघडते, हवा कशी आहे ते दिसते, ती वडिलांच्या खोलीत जाते आणि मग खरी गोष्ट सुरू होते. शेवटी ती खोलीतून बाहेर येते, आत्ता काय झाले त्याचा विचार करते आणि झोपते. प्रत्येक प्रसंगाचे पहिले आणि शेवटचे दोन परिच्छेद झाकून वाचून पाहा. काही कळायचे राहत नसेल, तर ते परिच्छेद नकोत. प्रत्येक प्रसंगामागे सरासरी दीडशे शब्द गेले आणि प्रसंग चाळीस असले, तरी सहा हजार होतात. अपवाद एवढाच, की मोठ्या आघातानंतरच्या प्रसंगाची शेपटी छाटू नका. तिथे वाचकालाही थोडे थांबायचे असते.

इथेच ‘काही घडत नाही’ अशा प्रसंगांबद्दल सांगायला हवे. पंधराव्या आणि सोळाव्या प्रकरणासमोर तुम्ही स्वतःच ‘संथ आहे’ असे लिहिले आहे. वडिलांना भरवणे, अंग पुसणे, नखे कापणे असे त्यांत आहे. पाचवा हिस्सा काढायला निघालेल्या लेखकाची पहिली नजर अशाच प्रकरणांवर जाते, कारण ती काढली तरी कथानक अडत नाही. पण वाचकाला तिसाव्या प्रकरणात जे वाटायचे आहे, ते इथेच साठत असते. संथ प्रसंग आणि रिकामा प्रसंग यांतला फरक ओळखायची माझी रीत अशी, की प्रसंगाच्या सुरुवातीला त्या दोन माणसांमध्ये जेवढे अंतर होते, तेवढेच शेवटी आहे का, ते पाहायचे. नखे कापताना वडील पहिल्यांदा हात ओढून घेतात आणि आठवड्याने स्वतःच पुढे करतात, असे तुम्ही गोषवाऱ्यात लिहिले आहे. तेव्हा अंतर बदलले. शिवाय पुढे करतात तो डावा हात आहे, म्हणजे टकटकीला लागणारी एक गोष्ट कुठलाही गाजावाजा न करता वाचकाच्या मनात रुजली. हा प्रसंग पूर्ण ठेवा. भरवण्याचे तीन प्रसंग आहेत आणि तिन्हींत अंतर तेच राहते. तिथे एक पुरे.

वाक्यांकडे शेवटी या. तोवर पाच हजार शब्दच काढायचे उरलेले असतील आणि ते शोधायला फार वेळ लागणार नाही, कारण तुमच्या लेखनात एक सवय आहे : भावना आधी कृतीतून दाखवायची, मग तिचे नाव घ्यायचे आणि मग तिचा अर्थ सांगायचा. नवव्या प्रकरणातला तुमचा परिच्छेद असा आहे :

‘त्या रात्री तिला झोप येत नव्हती. तिच्या मनात अपराधाची भावना दाटून आली होती. शेजारची गादी रिकामी होती आणि ती रिकामी गादी पाहून तिच्या काळजात चर्र झाले. तिने सगळा धीर एकवटून भिंतीवर एकदा टकटक केली. पलीकडून उत्तर येईल अशी तिला वेडी आशा होती. ती वाट पाहत राहिली. पलीकडे बाबा जागे होते. त्यांचा खोकला तिला ऐकू आला. पण उत्तर आले नाही. बाबा आपल्याला कधीच माफ करणार नाहीत, हे तिला कळून चुकले. ती भिंत आता नुसती भिंत राहिली नव्हती. ती दोघांमधली कायमची दरी झाली होती.’

मी तो असा ठेवीन :

‘शेजारची गादी कुणी उचललीच नव्हती. तिने भिंतीवर एकदा टकटक केली आणि वाट पाहत राहिली. पलीकडे बाबा जागे होते. त्यांचा खोकला तिला ऐकू आला. तिने पुन्हा एकदा टकटक केली. मग खोकलाही थांबला.’

शब्द निम्म्याहून कमी झाले, पण काय गेले ते पाहा. अपराधभाव, आशा आणि काळजातले चर्र ही नावे गेली, कारण रिकामी गादी आणि टकटक यांतून ती आधीच पोचली होती. भिंतीची दरी गेली, कारण तिथे वसुधा बोलत नाही, लेखिका बोलते. ‘माफ करणार नाहीत’ हे वाक्य काढण्यामागचे कारण मात्र शब्दसंख्येच्या पलीकडचे आहे. तुमच्या गोषवाऱ्यानुसार एकतिसाव्या प्रकरणात कळते, की मुलांना त्या दिवशी पाण्याकडे वडिलांनीच पाठवले होते आणि त्यांच्या गप्प राहण्यात राग नव्हता, लाज होती. म्हणजे बाबा का गप्प झाले, हा प्रश्न कादंबरीभर उघडा राहायला हवा. नवव्या प्रकरणातले ते वाक्य त्याचे उत्तर देऊन टाकते, तेही चुकीचे आणि निवेदकाच्या अधिकाराने. खोकला मी राखला, कारण त्याच्यामुळे बाबा जागे आहेत हे कळते आणि त्यांचे न बोलणे झोपेमुळे नव्हते हे ठरते. दुसरी टकटक आणि थांबलेला खोकला ही मी घातलेली भर आहे. काटछाट करताना अशी सात-आठ शब्दांची भर ठिकठिकाणी घालावी लागते. ती घालायला कचरू नका.

स्पष्टीकरणाची वाक्ये शोधताना एवढी एक कसोटी लावा : हे वाक्य झाकले तर वाचक चुकीचा अर्थ काढील का? काढणार असेल, तर वाक्य राहील. नाहीतर ते गेले पाहिजे. तिसाव्या प्रकरणाला मात्र ही कसोटी लावू नका आणि तिथले शब्दही मोजू नका. टकटक होण्याआधी वसुधा अंधारात पडल्या पडल्या घरातले आवाज ऐकते, ते तीनही परिच्छेद लागतात. तिथे शे-दोनशे शब्द वाढले तरी चालतील; बाकी सगळीकडे वाचवले ते इथे खर्चता यावे म्हणूनच.

एवढे झाल्यावर खर्डा किमान तीन आठवडे बाजूला ठेवा आणि मग एका बैठकीला जमेल तेवढा, पण सलग दिवसांत, कागदावर वाचा. या वाचनात भाषा पाहायची नाही, तुटलेले धागे शोधायचे आहेत. काढलेल्या वकिलाचा उल्लेख कुठेतरी उरलेला असेल. डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट पुढे डॉक्टर गृहीत धरून बोलत असतील. मधला प्रसंग गेल्यामुळे सकाळनंतर एकदम दुसऱ्या दिवशीची सकाळ येत असेल. आणि एक धोका असा आहे, जो तक्त्यात दिसत नाही : मधले हलके प्रसंग गेल्यामुळे दोन जड प्रसंग एकमेकांना चिकटतात. काकांचे वाक्य अठराव्यात आणि नवऱ्याचे दुखावणे एकविसाव्यात आहे. मधले वादाचे प्रसंग गेल्यावर ती दोन्ही जवळजवळ लागोपाठ येतील आणि दुसऱ्याचा परिणाम बोथट होईल. मध्ये एकोणिसावे ठेवाच, आणि भरवण्याचा जो एक प्रसंग उरला आहे तो तिथे हलवता येतो का पाहा.

मग तो अशा माणसाला वाचायला द्या, ज्याने पहिला खर्डा पाहिलेला नाही. तुमची मैत्रीण आता या कामाला उपयोगाची नाही, कारण काढलेले सगळे तिला ठाऊक आहे आणि ते तिच्या मनात आपोआप भरून निघते. नव्या वाचकाला ‘रडू आले का’ असे विचारू नका; कुणीही होच म्हणेल. वाचताना जिथे पाने उलटावीशी वाटली आणि जिथे मागे जाऊन पाहावे लागले, तिथे समासात खूण करा, एवढेच सांगा. पाने उलटावीशी वाटली तिथे अजून पसारा आहे. मागे जावे लागले तिथे काहीतरी जास्त निघाले आहे. तिसाव्या प्रकरणावर त्याने मागे जाण्याची खूण केली, तर तीन, सहा, नऊ, बारा, सोळा आणि एकोणीस या प्रकरणांतला एखादा आधार कच्चा झाला आहे असे समजा. आणि खूण नाही, सगळे नीट समजले, पण त्याबद्दल तो काही बोलतच नाही, असे झाले तर माहिती पोचली आहे आणि माणसांचा सहवास कमी पडला आहे. अशा वेळी काढलेला प्रसंग जसाच्या तसा परत आणू नका. बहुतेकदा बापलेक एका खोलीत आहेत असे तीन-चारशे शब्द पुरतात, आणि ते तुमच्या बाजूला काढलेल्या फाइलमध्ये सापडतील.

आकडा शेवटी १,२२,००० किंवा १,२३,००० वर अडला, तर उरलेले दोन-तीन हजार शब्द ओढूनताणून काढू नका. संपादकांनी मर्यादा पानांचा हिशोब करून घातली असणार, आणि एवढ्या फरकाची सोय बहुधा मांडणीत होते. त्यांना खर्डा पाठवताना कुठली उपकथानके आणि प्रसंग काढले त्याची अर्ध्या पानाची टीप सोबत द्या, आणि तिसऱ्या, नवव्या, बाराव्या, एकोणिसाव्या व तिसाव्या प्रकरणांना पुढच्या संपादनात हात लागण्यापूर्वी तुम्हाला विचारावे, असे त्या टिपेत लिहा.